सात वाजून दहा मिनिटांनी ते नीट बोलत होते

बायको गावाला गेलेली, नवरा घरी एकटा आणि फोनवर त्याचा आवाज काहीतरी वेगळाच येतोय. अशा वेळी बहुतेक घरांतून शेजारी जो निरोप जातो तो साधारण असा असतो: "भाऊजी, ह्यांना जरा बरं वाटत नाहीये. बीपी वाढलंय वाटतं. वेळ मिळाला की जरा बघून या ना, वाटलंच तर दवाखान्यात न्या." निरोप काळजीनेच पाठवलेला असतो. शेजारीही भला माणूस असतो. तो अंघोळ उरकून जातो, विचारपूस करतो, गल्लीतल्या डॉक्टरांकडे नेतो. तिथे बीपी मोजतात, एखादं इंजेक्शन देतात, सलाइन लावतात, संध्याकाळपर्यंत वाट बघू म्हणतात. दुखणं पक्षाघाताचं असेल तर उपचाराचे मोलाचे तास या सगळ्यात निघून जातात.

पक्षाघाताला आपल्याकडे अर्धांगवायू म्हणतात, अंगावरून वारं गेलं असंही म्हणतात. बहुतेक रुग्णांत मेंदूला रक्त नेणाऱ्या एखाद्या वाहिनीत गुठळी अडकलेली असते आणि तिच्या पुढचा भाग रक्ताविना मरू लागतो. मोठी वाहिनी बंद झाली असेल तर दर मिनिटाला सुमारे 19 लाख चेतापेशी नष्ट होतात, असा हिशेब संशोधकांनी 2006 साली मांडला. ही गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आहे. 1995 साली ते पहिल्या तीन तासांत दिलं तर उपयोगी पडतं हे सिद्ध झालं आणि 2008 साली ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली. काही रुग्णांत मांडीतून नळी घालून गुठळी बाहेर काढता येते आणि निवडक लोकांत ते 24 तासांपर्यंतही शक्य असतं. पण ती सोय मोठ्या शहरांतल्या मोजक्याच ठिकाणी मिळते. तालुक्याच्या माणसाला आधार आहे तो साडेचार तासांच्या इंजेक्शनचा, आणि ते जितकं लवकर मिळेल तितका हात-पाय परत चालण्याचा संभव जास्त.

दूर असलेल्या बायकोच्या निरोपाला इतकं महत्त्व आहे ते यामुळे. शेजाऱ्याकडे डोळे आहेत, हात आहेत, गाडी आहे. पण नवरा शेवटचा धडधाकट कधी होता, त्याचं नेहमीचं बोलणं कसं आणि तो कुठल्या गोळ्या घेतो, हे तिलाच ठाऊक असतं. ते शेजाऱ्यापर्यंत आणि शेजाऱ्याकडून डॉक्टरपर्यंत जसंच्या तसं पोचलं पाहिजे.

एक प्रसंग धरू. घर कराडजवळच्या एका गावात. बाई लेकीच्या बाळंतपणासाठी नाशिकला गेलेल्या. यजमान बासष्ट वर्षांचे, बीपी आणि मधुमेह दोन्ही आहेत. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी दोघांचं फोनवर बोलणं होतं, दूध आलं का, चहा झाला का, एवढंच. आवाज नेहमीसारखा. सात चाळीसला बाई गोळीची आठवण करायला पुन्हा फोन लावतात. बोलता बोलता कप फुटल्याचा आवाज येतो. "काय झालं?" तर "काही नाही, निसटला." पण हे शब्द बोबडे येतात, जीभ जड झाल्यासारखे. बाई म्हणतात, "माझ्यामागून म्हणा: आज सकाळी अंगणात कावळा ओरडत होता." वाक्य अर्धवट, ओढत ओढत येतं. "कप कुठल्या हातात होता?" तर "डाव्या." "छातीत दुखतंय का?" तर "छे!" "डावा हात वर करा बघू." "केला."

एवढ्या दोन मिनिटांत पुरेसं कळलं. चेहरा पाहायला व्हिडिओ कॉल लावत बसण्यात अर्थ नाही; हात लुळा पडलेल्या माणसाला फोन धरता येणार नाही. आता शेजाऱ्याला आधी फोन, रेकॉर्ड केलेला निरोप नंतर. हा क्रम चुकवू नये, कारण निरोप ऐकला जाईपर्यंत तो नुसता पडून राहतो. बाई फोन करतात, कुणी उचलत नाही. मग त्या बोलून निरोप पाठवतात:

"भाऊजी, शेजारची वहिनी बोलतेय, नाशिकहून. फार तातडीचं आहे. आत्ताच्या आत्ता आमच्या घरी जा, ह्यांना हॉस्पिटलमध्ये न्यायचंय. मला पक्षाघाताची शंका येतेय. सात वाजून दहा मिनिटांनी माझ्याशी अगदी नीट बोलले. सात चाळीसला पुन्हा बोलले तेव्हा जीभ जड, शब्द बोबडे, आणि डाव्या हातातून कप पडला. छातीत दुखत नाहीये. ते म्हणतील मला काही झालं नाही, त्यांचं ऐकू नका. मागच्या दाराची किल्ली तुमच्याकडे आहेच. आधी 108 ला फोन करा. गाडी यायला वेळ लागणार असेल तर तुमच्या कारने न्या, मोटारसायकलवर नको. पाणी, चहा, कुठलीही गोळी देऊ नका. सीटी स्कॅन असेल तिथेच न्यायचं. कुठे ते मी इथून फोन करून कळवते. पैशांचं मी बघते. हे ऐकलंत की मला एक मिसकॉल द्या."

निरोप मिनिटभराचा आहे. पहिल्या तीन वाक्यांत काय करायचं ते आलं, कारण घाईत ऐकणारा माणूस पहिली तीनच वाक्यं नीट ऐकतो. नवऱ्याला काय वाटतंय याचं वर्णन त्यात नाही. त्याच्या शरीरात जे घडलं तेवढंच आहे: जीभ जड, शब्द बोबडे, डाव्या हातातून कप पडला. "चक्कर येतेय", "कसंतरी होतंय", "अशक्तपणा वाटतोय" असे शब्द बाईंनी वापरले असते तर शेजाऱ्याने लिंबूसरबत करून दिलं असतं.

"छातीत दुखत नाहीये" हे वाक्य बारीक वाटेल, पण त्यावाचून मोठी चूक होते. आपण हृदयविकारालाही "अटॅक" म्हणतो आणि पक्षाघातालाही. "ह्यांना अटॅक आलाय वाटतं" असा निरोप गेला तर जाणता शेजारी खिशातली सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवतो किंवा ॲस्पिरिन चघळायला देतो. ॲस्पिरिन हृदयाच्या झटक्यात अनेकदा डॉक्टरच द्यायला सांगतात. पक्षाघातात मात्र सॉर्बिट्रेटने रक्तदाब एकदम उतरतो आणि अडकलेल्या गुठळीच्या पलीकडे जे थोडं रक्त पोचत असतं तेही कमी होतं. ॲस्पिरिनचं कारण वेगळं. काही रुग्णांत गुठळी नसते, वाहिनी फुटून मेंदूत रक्तस्राव झालेला असतो. बाहेरून दोन्ही अगदी सारखे दिसतात आणि कुठलं आहे ते सीटी स्कॅन केल्याशिवाय अनुभवी डॉक्टरलाही ठामपणे सांगता येत नाही. रक्तस्राव असेल तर ॲस्पिरिनने तो वाढू शकतो. बीपीची गोळीसुद्धा घरी देऊ नये. पक्षाघातात बीपी चढलेलं असतंच आणि ते किती उतरवायचं हे हॉस्पिटलमध्ये ठरवतात.

पाणी आणि चहा न देण्यामागेही असंच कारण आहे. जीभ जड झाली म्हणजे गिळण्याचे स्नायूही ढिले पडलेले असू शकतात. घोट अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जातो आणि पुढे न्यूमोनिया होतो. घसा कोरडा पडला म्हणून रुग्ण मागेल, तरी देऊ नये.

मला स्वतःला या निरोपातलं सर्वांत मोलाचं वाक्य वाटतं ते "ते म्हणतील मला काही झालं नाही, त्यांचं ऐकू नका." आपण हा हट्टी स्वभाव समजतो. पुष्कळदा तो स्वभाव नसतोच. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली की शरीराची डावी बाजू लुळी पडते आणि त्याच इजेमुळे डावी बाजू आपली आहे याचं भानही जाऊ शकतं. माणूस अगदी प्रामाणिकपणे सांगतो की मी ठीक आहे. "हात वर करा" म्हटल्यावर "केला" म्हणतो आणि हात मांडीवर तसाच पडलेला असतो. बाईंनी फोनवर "केला" ऐकलं आणि त्यावर विश्वास ठेवला नाही, हे बरोबर झालं. शेजारी मात्र समोर उभा असतो, वयाने लहान असतो, मोठ्या माणसाला ओढून न्यायला संकोचतो. वहिनींनी आधीच सांगून ठेवलं असेल तर त्याचा तो संकोच जातो. पैशांच्या वाक्याचंही तसंच. हॉस्पिटलमध्ये आगाऊ रक्कम कोण भरणार, या विचाराने पाऊल अडखळतं. तो विचार एका वाक्यात मिटवून टाकावा.

आता वेळ. हॉस्पिटलमध्ये शिरताच पहिला प्रश्न येतो, "कधी झालं?" आणि इथे घोटाळा होतो. डॉक्टरांना लक्षण कुणाला केव्हा दिसलं हे नको असतं. माणूस शेवटचा ठीक केव्हा होता, हे हवं असतं. आपल्या प्रसंगात बोबडे शब्द सात चाळीसला ऐकू आले, पण गुठळी त्याआधी कधीही अडकलेली असू शकते. म्हणून घड्याळ सात दहापासून मोजायचं आणि इंजेक्शनची मुदत अकरा चाळीसपर्यंत. इथे फरक अर्ध्या तासाचाच आहे. झोपेतून उठताना लक्षणं दिसली तर तो फार मोठा होतो. समजा नवरा सकाळी सहाला उठला तोच हात जड घेऊन. शेजारी सांगतो, "सहाला झालं." प्रत्यक्षात तो रात्री साडेदहाला नीट बोलून झोपला होता, म्हणजे घड्याळ तिथून धरायचं आणि साडेचार तास पहाटे तीनलाच संपले. ही मुदत उलटून गेल्यावर नुसत्या अंदाजाने दिलेल्या इंजेक्शनने मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, फायदा घटतो. अशा रुग्णाचा निर्णय मोठ्या हॉस्पिटलात एमआरआयसारख्या तपासण्या करूनच घेता येतो. पण तोच नवरा पहाटे पाचला उठून दूध घेताना शेजाऱ्याशी नीट बोलला असेल, तर सगळं चित्र पालटतं. म्हणून झोपेतल्या पक्षाघातात बाईंनी शेजाऱ्याला उलट विचारावं: "तुम्हाला ते शेवटचे धडधाकट कधी दिसले?" दूधवाला, पेपरवाला, समोरच्या काकू, कुणाचीही साक्ष चालते. वेळ सांगताना "सकाळी सकाळी" किंवा "मघाशी" असं म्हणू नये. फोनच्या नोंदीत मिनिट छापलेलं असतं, ते बघून सांगावं.

निरोप गेला, पुढचं काम संपलं असं नाही. व्हॉट्सॲपवर बोललेला निरोप समोरच्याने ऐकला की त्यातला माइक निळा होतो. दोन-तीन मिनिटांत तो निळा झाला नाही किंवा मिसकॉल आला नाही, तर दुसरं घर गाठायचं. किराणा दुकानदार असो वा गल्लीतला मुलगा. महाराष्ट्रात 108 ची रुग्णवाहिका सेवा 2014 साली सुरू झाली. राज्यात कुठूनही फोन लावला तरी दुसऱ्या गावचा पत्ता सांगता येतो, म्हणून नाशिकहून बाईंनीही तो लावायला हरकत नाही. त्या इंदूरला किंवा बंगळुरूला असत्या तर मात्र 108 तिथल्या राज्यात लागला असता. तेव्हा तो फोन शेजाऱ्यानेच करायचा.

आपल्या प्रसंगात शेजारी अंघोळीहून येऊन पावणेआठच्या सुमारास निरोप ऐकतो आणि तीन मिनिटांत घरात पोचतो. आता चेहरा पहिल्यांदा कुणाला तरी दिसतो. तो हसायला सांगतो, तर तोंडाची डावी बाजू हलत नाही. दोन्ही हात समोर धरून डोळे मिटायला सांगतो, तर डावा उचललाच जात नाही. वाक्य म्हणवून घेतो, ते बोबडं. तिन्हींपैकी एक जरी बिघडलेलं असेल तरी निघायचं. इथे तर तिन्ही आहेत. तो 108 ला "पक्षाघाताचा रुग्ण" असं स्पष्ट सांगतो. गाडी यायला चाळीस मिनिटं लागतील असं कळल्यावर तो आपली कार काढतो आणि सोबत आणखी एकाला घेतो. रुग्णाला मागच्या सीटवर कुशीवर, डोकं थोडं उंच ठेवून झोपवतात, कारण उलटी झाली तर ती घशात अडकू नये. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेण्याची आपल्याकडची रीत इथे धोक्याची. लुळ्या बाजूचा पाय फरपटतो, तोल जातो. तेल चोळणं, कांदा हुंगवणं, बोटाला सुई टोचणं हे सुचवणारं कुणी तरी अंगणात उभं असतंच. त्यांच्याशी वाद न घालता गाडी सुरू करावी.

तेवढ्या वेळात बाई नाशिकहून फोनला लागलेल्या असतात. जवळच्या मोठ्या हॉस्पिटलांना विचारायचे प्रश्न दोनच: सीटी स्कॅन आत्ता चालू आहे का आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तुमच्याकडे देतात का? दहा किलोमीटर जवळचं पण स्कॅन नसलेलं हॉस्पिटल कामाचं नाही, तिथून पुन्हा पुढे पाठवतात. होकार मिळाला की "साडेआठपर्यंत पक्षाघाताचा रुग्ण येतोय" असं सांगून ठेवायचं. मग स्कॅनच्या खोलीत तयारी असते.

त्यानंतर दुसरा निरोप, हा डॉक्टरला ऐकवण्यासाठी: "वय बासष्ट. शेवटचे नीट सात दहाला. बीपीची गोळी सकाळी घेतात, आजची घेतलेली नाही. मधुमेहाच्या गोळ्या आहेत, इन्सुलिन नाही, आज काही खाल्लेलं नाही. एकोस्प्रिन 75 रोज रात्री. वॉरफेरिन किंवा ॲसिट्रॉमसारखी गोळी नाही. तीन महिन्यांत ऑपरेशन नाही, डोक्याला मार नाही. मेंदूत रक्तस्राव पूर्वी कधी झालेला नाही. ॲलर्जी नाही." हे पहिल्या निरोपात घातलं असतं तर शेजारी दारातच उभा राहून ऐकत बसला असता. रक्त पातळ करणाऱ्या गोळीचं नाव मुद्दाम घेतलं आहे. लोक एकोस्प्रिनलाही रक्त पातळ करायची गोळी म्हणतात आणि ॲसिट्रॉमलाही. पहिली चालू असली तरी इंजेक्शन बहुधा देता येतं, दुसरी चालू असेल तर रक्ताची तपासणी करून ठरवावं लागतं आणि कधी देताच येत नाही. नाव आठवत नसेल तर शेजाऱ्याला स्ट्रिपचा फोटो काढायला सांगावा. मधुमेहाचा उल्लेखही हवाच. रक्तातली साखर फार उतरली की माणूस हुबेहूब पक्षाघातासारखा बोबडा आणि लुळा होऊ शकतो, म्हणून हॉस्पिटलमध्ये पहिली सुई बोटालाच टोचतात.

साडेआठला कार पोचते. साखर ठीक निघते, स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही. डॉक्टर बाईंना फोन करतात: इंजेक्शनने मेंदूत घातक रक्तस्राव होण्याचा धोका शंभरात साधारण सहा जणांना असतो, तुमची संमती आहे का? या फोनसाठी बाईंची लाइन मोकळी असली पाहिजे. प्रत्यक्षात नेमक्या याच वेळी सगळं गणगोत फोन करत असतं आणि डॉक्टरांना "व्यस्त" ऐकू येतं. नातेवाइकांशी बोलायला लेकीचा फोन वापरावा आणि आपला चार्जरला लावून ठेवावा. संमती मिळून सव्वानऊला इंजेक्शन सुरू झालं, तर सात दहापासून दोन तास पाच मिनिटं झाली. मुदतीच्या बरंच आत.

एक फसवी शक्यता राहिली. शेजारी पोचेपर्यंत बोलणं साफ होतं, हात वर जातो, आणि घरून फोन येतो, "वहिनी, आता एकदम ओके आहेत." बहुतेक बाया इथे सुटकेचा श्वास सोडून "मग राहू द्या, उगाच तुम्हाला त्रास" म्हणतात. गुठळी थोडा वेळ अडकून सुटली, एवढाच त्याचा अर्थ. पुढचे दोन दिवस मोठ्या झटक्याचा धोका सर्वांत जास्त असतो. तेव्हाही त्याच हॉस्पिटलमध्ये, त्याच दिवशी जायचं.

इंजेक्शन वेळेत मिळालं म्हणजे माणूस पूर्ववत होतोच असं नाही. काहींचा हात तसाच राहतो, मोठी गुठळी कधी विरघळत नाही. पण या उपचाराला वेळेची अट आहे आणि ती पाळण्याचं काम हॉस्पिटलच्या दारापर्यंत घरच्यांचं आणि शेजाऱ्यांचं आहे. घरात बीपी किंवा मधुमेह असलेलं माणूस असेल तर आज तीन गोष्टी करून ठेवा. त्यांच्या गोळ्यांच्या स्ट्रिपांचे फोटो फोनमध्ये ठेवा, एक किल्ली शेजारी द्या आणि रात्री दोन वाजतासुद्धा सीटी स्कॅन करून गुठळीचं इंजेक्शन देणारं तुमच्या गावापासून सर्वांत जवळचं हॉस्पिटल कोणतं, हे फोन करून विचारून त्याचा नंबर शेजाऱ्यालाही देऊन ठेवा.